तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीपीएन का काढलं

«व्हीपीएन चांगलं चालत होतं की! मग कंपन्या ते काढून प्रत्येक अ‍ॅपला वेगळं गेटवे कशाला बसवतात?»

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची खोकी छापणारी एक कंपनी आहे. तिचं नेटवर्क गेली काही वर्षं मी सांभाळतो. एका सोमवारी सकाळी व्हीपीएनचा, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या वाटेचा, लॉग चाळताना एका ओळीवर नजर अडली. छपाईच्या मशीनची देखभाल करणाऱ्या सर्व्हिस इंजिनियरच्या खात्यातून शनिवारी रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी कुणीतरी परदेशातून आत आलं होतं आणि ३ वाजून २० मिनिटांनी बाहेर पडलं होतं. त्या देखभालीचा करार संपून आठ महिने झाले होते. खातं बंद करायचं राहून गेलं होतं. पासवर्ड त्यांच्या तीन-चार माणसांत वाटलेला होता आणि ओटीपीची अट त्या खात्याला कधी लावलीच नव्हती.

मालकांनी साहजिकच विचारलं, "त्या ३९ मिनिटांत त्यानं काय केलं?" मला सांगता येईना. लॉगमध्ये आल्याची वेळ होती, गेल्याची वेळ होती, किती डेटा गेला-आला तो आकडा होता. तो कुठल्या मशीनपाशी गेला, कुठली फाईल उघडली, यातलं काहीच नव्हतं. आम्ही प्रत्येक सर्व्हर वेगळा तपासला. नुकसान सापडलं नाही, पण ती तपासणी संपायला नऊ दिवस लागले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी घरी बसून त्या इंजिनियरसारखंच एक चाचणीचं खातं बनवलं आणि आत शिरलो. मशीनवाल्या माणसाला एकाच कॉम्प्युटरचं काम असतं, छपाई मशीनशेजारच्या. मी मुद्दाम लेखा विभागाच्या सर्व्हरचा पत्ता घातला, म्हणजे जिथे टॅली चालते तो.

```
Test-NetConnection 10.20.5.14 -Port 3389
TcpTestSucceeded : True
```

३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे लांबून त्या कॉम्प्युटरचा पडदा वापरायचं, पोर्ट. ते `True` म्हणजे दार उघडलं असं नाही, पासवर्ड अजून लागतोच. पण मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला कंपनीच्या हिशेबाच्या दारापर्यंत चालत जाता येतं आणि तिथे उभं राहून हवे तितके पासवर्ड लावून बघता येतात, हे त्या एका शब्दात कळलं.

हा व्हीपीएनचा बिघाड नव्हता. व्हीपीएन बनवलंय त्याचसाठी. तुमच्या घरच्या लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंत ते एक बंदिस्त नळी टाकतं आणि लॅपटॉपला ऑफिसातलाच एक पत्ता देतं. आमच्याकडे `10.20.0.0/16` हा सगळा पट्टा त्या नळीतून दिसायचा, म्हणजे ६५,५३६ पत्त्यांची जागा. एकदा आत आलात की तुम्ही ऑफिसातल्या खुर्चीवर बसल्यासारखेच. माणसाला हवी असते फक्त रजेची वेबसाइट, आणि त्याच्या हाती येतं अख्खं नेटवर्क. त्याच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस असेल तर त्यालाही तेवढंच मिळतं.

२०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन बंद पडली होती, तेव्हा चोर आत आले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातूनच. त्या खात्याला पासवर्डापलीकडे दुसरी तपासणी नव्हती. हे वाचलं होतं तेव्हा ते फार लांबचं वाटलं होतं. वेर्ण्यातला तो लॉग पाहिला तेव्हा ते शेजारच्या घरातलं वाटलं.

जाणकार लगेच म्हणतील, व्हीपीएनवरच नियम लावा, या खात्याला एवढाच पत्ता म्हणून. बरोबर आहे, आणि आम्ही लावलेही होते. पण ते नियम आयपी पत्त्यांत लिहिलेले असतात. सर्व्हर बदलला की पत्ता बदलतो, कुणाचं तरी काम अडतं, मग "तात्पुरतं उघडून दे" असा फोन येतो, आणि ते तात्पुरतं वर्षानुवर्षं तसंच राहतं. आमच्या यादीत असे ११ नियम निघाले. त्यातल्या चारांचं कारण कंपनीतल्या कुणालाच आठवेना. शिवाय नियम कितीही घट्ट असले तरी व्हीपीएनची पेटी स्वतः इंटरनेटच्या रस्त्यावर उघडी उभी असते, जगातल्या कुणालाही तिचं दार वाजवता येतं. २०२४ च्या जानेवारीत इव्हान्टीच्या व्हीपीएन पेट्यांमधल्या त्रुटी अशा निघाल्या की पासवर्ड न देताच आत शिरता येत होतं. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, सीसानं, तिथल्या केंद्र सरकारच्या खात्यांना २ फेब्रुवारीपर्यंत त्या पेट्या नेटवर्कपासून तोडायलाच सांगितलं होतं.

आता गेटवे काय करतं ते सांगतो. आमच्या लेखा विभागातल्या एक मॅडम डिचोलीहून काम करतात. त्या ब्राउझरमध्ये रजेच्या वेबसाइटचा पत्ता टाकतात. तो पत्ता आता ऑफिसात येत नाही, गेटवेकडे जातो. गेटवे त्यांना कंपनीच्या लॉगिनवर पाठवतं. तिथे पासवर्ड आणि फोनवरची मंजुरी झाली की ते आणखी दोन गोष्टी बघतं: या मॅडम रजेची वेबसाइट वापरणाऱ्यांच्या गटात आहेत का, आणि लॅपटॉप कंपनीच्या नोंदीतला, डिस्क एन्क्रिप्ट केलेला, अपडेट झालेला आहे का. सगळं जुळलं तर तेवढीच वेबसाइट उघडते. मॅडमच्या लॅपटॉपला `10.20` मधला पत्ता मिळतच नाही. शेजारचा टॅलीचा सर्व्हर त्यांच्यापुरता अस्तित्वातच नसतो. तिथे पोचायचं तर त्याची वेगळी परवानगी, आणि त्याची वेगळी नोंद: कोण, कुठल्या लॅपटॉपवरून, किती वाजता, कुठल्या अ‍ॅपमध्ये. मालकांच्या त्या प्रश्नाला आज मी पाच मिनिटांत उत्तर देऊ शकतो.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग ऑफिसातल्या एका लहानशा प्रोग्रॅमचा आहे. त्याला कनेक्टर म्हणतात. तो ऑफिसातून बाहेर गेटवेकडे ४४३ पोर्टवर जोडणी करतो आणि ती धरून ठेवतो. गेटवेकडून येणारी मागणी त्याच जोडणीतून आत येते. म्हणजे बाहेरून आत येणारं एकही पोर्ट फायरवॉलवर उघडं ठेवावं लागत नाही. व्हीपीएनचं पोर्ट मी बंद केलं त्या रात्री फायरवॉलच्या लॉगमध्ये दार वाजवणारे तसेच येत होते, फक्त वाजवायला दार नव्हतं.

ही कल्पना काही कालची नाही. २०१० च्या जानेवारीत गूगलनं आपल्यावर झालेला हल्ला जाहीर केला. पुढे त्यांनी ऑफिसातलं नेटवर्क विश्वासाचं आणि बाहेरचं अविश्वासाचं हा भेदच काढून टाकला, आणि २०१४ पासून त्यावर बियॉन्डकॉर्प या नावानं लेख लिहिले. तेव्हा हे गूगललाच परवडणारं होतं. आता माणशी महिन्याच्या भाड्यानं मिळतं, म्हणून आमच्यासारख्या ठिकाणी पोचलं.

गोव्यापुरता आणखी एक फायदा झाला, तो मी आधी धरलाच नव्हता. आमचं व्हीपीएन लॅपटॉपचं सगळं इंटरनेट वेर्ण्याच्या ऑफिसातूनच फिरवायचं. पावसात तिथली लाइन गेली की पेडण्यात घरी बसलेल्या माणसाचं मेलसुद्धा बंद, जरी मेलचा सर्व्हर वेर्ण्यात नव्हताच. घरचं इंटरनेट छान चाललेलं आणि काम ठप्प. गेल्या पावसाळ्यात लाइन दोनदा गेली तेव्हा टॅली आणि रजेची साइट तेवढी अडली, मेल आणि बाकीची क्लाउडवरची कामं चालू राहिली.

बदल करताना घाई केली नाही. पहिले तीन आठवडे फक्त बघितलं, कोण कुठे जातं ते. व्हीपीएन वापरणाऱ्या ८५ जणांपैकी ५२ जण रजेची साइट आणि उत्पादनाचा अहवाल यापलीकडे कुठे जातच नव्हते. दोन्ही साध्या वेबसाइट, म्हणून ते सगळे एकाच शनिवारी हलवले. टॅली तशी नाही. ती विंडोजवरचा प्रोग्रॅम आहे, म्हणून गेटवेमधून फक्त त्या एका सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप ब्राउझरमध्ये दिला.

इथे मी चुकलो होतो. सगळं चालू झाल्यावर मी पुन्हा तीच चाचणी केली, पण या वेळी टॅलीच्या डेस्कटॉपवर बसून, फाईल सर्व्हरच्या ४४५ पोर्टवर. उत्तर आलं `True`. गेटवेनं माणसाला एकाच सर्व्हरपर्यंत आणलं हे खरं, पण तो सर्व्हर स्वतः ऑफिसच्या नेटवर्कमध्येच बसलेला होता. त्याच्यावरून पुढे कुठेही जाता येत होतं. रिमोट डेस्कटॉप गेटवेमागे ठेवणाऱ्या प्रत्येकानं ही चाचणी करून बघावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. आम्ही त्या सर्व्हरला वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या कप्प्यात, टाकलं आणि तिथून बाहेर जाणाऱ्या वाटा बंद केल्या. छापखान्याचा प्रिंटर आणि बॅकअप एवढ्याच ठेवल्या. मग ते `False` आलं.

गेटवेमुळे नव्या काळज्याही आल्या. आता सगळा भार लॉगिनच्या सेवेवर आहे. ती बंद पडली तर सगळ्या अ‍ॅपची दारं एकदम बंद होतात. त्यासाठी दोन आणीबाणीची खाती ठेवलीत, त्यांच्या चाव्या कंपनीच्या तिजोरीत आहेत. फोनवरची मंजुरी फसवून घेता येते. खोटं लॉगिनचं पान दाखवून चालू सत्र चोरलं, तर चोर त्या माणसाच्या अ‍ॅपमध्ये शिरतोच. म्हणून लेखा विभागाला आम्ही पासकी, म्हणजे पासवर्डाऐवजी वापरायच्या डिजिटल चाव्या, दिल्या. त्या खोट्या पत्त्यावर चालतच नाहीत.

आणि व्हीपीएन पूर्ण गेलेलं नाही, हेही सांगायला हवं. नव्या देखभाल कंपनीचं सॉफ्टवेअर मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, म्हणजे पीएलसी, शोधायला नेटवर्कभर हाक मारतं, कोण आहे म्हणून. गेटवे एका ठरलेल्या अ‍ॅपपुरतं बोलतं, अशी हाक ते पुढे नेत नाही. म्हणून त्यांच्या दोन माणसांसाठी व्हीपीएन ठेवलंय, पण ते फक्त मशीनच्या व्हीलॅनपर्यंत जातं आणि एरवी बंद असतं. त्यांचा फोन आला की छपाई विभागाचा सुपरवायझर मला सांगतो, मी चार तासांसाठी पोर्ट आणि खातं दोन्ही उघडतो, आणि वेळ संपली की ती आपोआप बंद होतात. परवा चवथीच्या आदल्या दिवशी त्यांना पाच तास लागले. मध्येच तुटलं म्हणून रागानं फोन आला. मी पुन्हा उघडून दिलं.

बारा-पंधरा माणसांची कंपनी असेल, सगळं काम क्लाउडवरच चालत असेल, तर हे विकायला येणाऱ्याला मी थांबायला सांगेन. त्यांनी आधी जुनी खाती बंद करावीत, उरलेल्यांना दुसरी तपासणी लावावी, पेटी अपडेट ठेवावी. त्या सर्व्हिस इंजिनियरच्या खात्याला ओटीपी असता तर ती शनिवारची रात्र घडली नसती.