आमची वाटचाल : हुपरीची चांदी आणि परदेशातलं कार्ड

हुपरीत आमचं पैंजणांचं काम आजोबांपासूनचं. वेबसाइट सुरू केली तेव्हा गिऱ्हाईक कोल्हापूर-सांगलीचंच असेल असं वाटलं होतं. पण मोठ्या ऑर्डरी यायला लागल्या त्या अमेरिका, दुबई, लंडनमधल्या मराठी मंडळींच्या. ताट-वाटीचा संच, समई, बाळाचे वाळे. पैसे तिकडच्या कार्डाने आणि माल पोहोचवायचा इकडे, आईवडिलांच्या घरी.

इथलं कार्ड असलं की ओटीपी लागतो, यूपीआयला पिन लागतो, त्यामुळे आम्हाला तिथे फारशी धास्ती नसते. परदेशी कार्डाचं तसं नाही. पुष्कळदा ते नुसत्या नंबरावर चालतं. कार्ड चोरीचं निघालं तर मूळ मालक साधारण १२० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो. मग पैसे आमच्या खात्यातून परत जातात, यालाच चार्जबॅक म्हणतात, आणि चांदी तर आधीच गेलेली असते. म्हणून पेमेंट सेवेसोबत जोखीम इंजिन घेतलं. ‘पैसे भरा’ दाबल्यावर, बँकेकडे विचारणा जाण्याआधीच, ते व्यवहाराला ० ते १०० गुण देतं. आमच्याकडे ३० पर्यंत सरळ मंजुरी, ३१ ते ६० ला कार्डाच्या बँकेकडून ओटीपीसारखी खात्री, आणि त्यावर नकार. बँकेने अशी खात्री केलेला व्यवहार पुढे चोरीचा निघाला, तर नुकसान सहसा तिच्याकडे जातं, आमच्याकडे नाही.

सेवेसोबत आलेली तयार मांडणी मात्र आमच्या गिऱ्हाइकांवर उलटत होती. दिवाळीआधी न्यू जर्सीहून एका ताईंचा फोन आला, “दादा, कार्ड सगळीकडे चालतंय, तुमच्याकडेच का नाकारतात?” त्यांची ऑर्डर उघडून बघितली. अडतीस हजारांचा ताट-वाटीचा संच, पत्ता सांगलीचा. कार्डाचा देश आणि डिलिव्हरीचा देश वेगळा म्हणून ३५ गुण, नवीन मोबाइल म्हणून १०, मोठी रक्कम म्हणून १५, पहाटे तीनची वेळ म्हणून १०. एकूण ७०, म्हणजे नकार.

यातला ३५ चा नियम तिकडच्या दुकानदाराला योग्यच आहे. आमच्या दुकानात मात्र लेक परदेशात आणि आईवडील सांगलीत हेच नेहमीचं गिऱ्हाईक, म्हणून ते गुण आम्ही ५ वर आणले. पहाटेचे तीन आमच्याकडे वाजले होते, ताईंकडे संध्याकाळचे साडेपाच. मोबाइलचा ब्राउझर स्वतःचा टाइमझोन सांगतो, त्यांचा `America/New_York` होता. आता ‘अवेळ’ ठरते ती गिऱ्हाइकाच्या घड्याळावर. (भारतातले काही ब्राउझर `Asia/Calcutta` सांगतात, काही `Asia/Kolkata`. दोन्ही एकच धरावे लागतात, नाहीतर उगाच गुण चढतात.) शिवाय कार्ड आणि इंटरनेट एकाच देशातलं आणि वस्तूवर नाव कोरून मागितलेलं, म्हणून १० वजा. चोराला नाव घातलेली चांदी विकायला जड जाते. नव्या हिशेबाने ताई २० वर येतात आणि सुटतात.

त्याच आठवड्यात दुसरी ऑर्डर आली. तीही अमेरिकेचं कार्ड, पत्ता मुंबईचा, पन्नास ग्रॅमची नाणी. नाणं कुठेही लगेच विकतं. देश वेगळे ५, नवीन उपकरण १०, रक्कम १५. इंटरनेटचा पत्ता घरच्या जोडणीचा नव्हे, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या डेटा सेंटरचा होता, त्याचे २५. तो पत्ता अमेरिकेचा आणि उपकरणाचा टाइमझोन भलताच, त्याचे २०. आणि एकाच उपकरणावरून काही मिनिटांत तिसरं कार्ड, आधीची दोन नाकारलेली, त्याचे ३०. बेरीज साठाच्या कितीतरी पुढे गेली, म्हणजे नकार. अशीच गडबड कधी जोडव्यांवरही दिसते. चोरीची कार्डं चालतात का हे बघायला सगळ्यात स्वस्त वस्तू घेतात आणि एकामागून एक कार्ड लावत जातात. तिथे रकमेला काही अर्थ नसतो. कार्डं किती आणि किती वेळात, हे बघायचं.

एकट्या खुणेवर नकार द्यायचा नाही, हे आम्ही ठरवून टाकलंय. आयटीतली मुलं ऑफिसच्या व्हीपीएनमधून खरेदी करतात, तेही डेटा सेंटरसारखंच दिसतं. साताऱ्यातला मोबाइल इंटरनेटच्या पत्त्यावरून मुंबईत दिसू शकतो, म्हणून भारतातल्या भारतात शहर जुळलं नाही तरी शून्य गुण. खासगी विंडोत उघडलं की जुनं गिऱ्हाईकही नवीन वाटतं.

इंजिन बरोबर चाललंय का, हे लगेच कळत नाही, कारण चार्जबॅक महिन्यांनी येतो. आणि चुकून अडवलेलं गिऱ्हाईक बहुधा फोन करत नाही, दुसऱ्या दुकानात जातं. म्हणून नाकारलेल्या ऑर्डरींची यादी माझी बायको दर सोमवारी काढते आणि ज्यांचा नंबर आहे त्यांना स्वतः फोन करते. खरं गिऱ्हाईक निघालं तर कोणत्या खुणेने अडवलं ते लिहून ठेवते, आणि तीच नोंद पुन्हापुन्हा आली की त्या खुणेचे गुण उतरवतो. वडिलांचं कार्ड, वडिलांचाच मोबाइल आणि न विचारता खरेदी करणारा घरातलाच मुलगा, हे मात्र इंजिनाला दिसत नाही, कारण तिथे सगळं जुळलेलंच असतं.