चार की आठ?

दुपारी चहाच्या आधी कुणाची तरी बीपी-शुगरची वही तक्त्यात उतरवायला घ्यावी, तर पहिली हरकत आजार घेत नाही, अक्षर घेतं. वही म्हणजे बहुधा बँकेने फुकट दिलेली जुनी डायरी. त्याच पानावर दुधाचा हिशेब, गॅसवाल्याचा नंबर, आणि मध्येच ‘साखर ४४’. ही वाण्याकडचीच असणार. रक्तातली ४४ असती तर हात थरथरला असता, आकडा इतका ठसठशीत आला नसता.

जुन्या पिढीचा हात मराठी आणि इंग्रजी आकडे बिनदिक्कत मिसळतो. मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, पण त्याची भीती नाही: बीपी ९४४ वाचलं तर आपणच हसतो. घात करतो तो चार. त्याचं वरचं तोंड जरा मिटलं की इंग्रजी आठ तयार. १४४/८४ चं १८८/८८ होतं, आणि हे कुणालाही खरं वाटेल. तक्त्यात गेलं की डॉक्टर गोळी वाढवायचा विचार करणार.

यावर उतारा त्याच पानाच्या डाव्या कडेला असतो. तारखा क्रमाने येतात, म्हणून तेरानंतरचा चौदा आणि सतरानंतरचा अठरा वादातीत. त्या दोन तारखांतला चार आणि आठ नीट बघायचा, आणि मग अडलेला आकडा त्यांच्याशेजारी धरायचा. महिनाभराच्या तारखांत शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे येऊन जातात. माणूस आपल्या अक्षराची किल्ली स्वतःच लिहून ठेवतो. तरीही ठरेना, तर रकाना रिकामा सोडून शेरा: ‘१४४ की १८८?’ आदल्या दिवशी १४० होतं म्हणून १४४ धरणं हा वाचनाचा नव्हे, अंदाजाचा धंदा.

रकाने मात्र सुटे हवेत: वरचं, खालचं, नाडी. शुगरला वेळेचा वेगळा रकाना. नुसतं ‘शुगर १६२’ काहीच सांगत नाही. उपाशीपोटी ती जास्त, जेवणानंतर दोन तासांनी मधुमेह्याला बऱ्यापैकी. मीटरने आकड्याऐवजी ‘HI’ दाखवलं असेल तर तेच लिहायचं, ६०० नाही. तारखेत महिना अक्षरांनी टाकावा, कारण 3/4 टाकलं की काही संगणक बिनबोभाट ४ मार्च करून मोकळे होतात.

आणि शाई बघावी. कधी कधी आठ दिवसांच्या नोंदी एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या ओळीत, सगळ्या १३०/८० नि १२०/८० अशा गोलमटोल, आणि नवव्या दिवशी दवाखान्याची तारीख. यंत्र इतक्या वेळा शून्यावर थांबत नाही. पण तक्त्यात शाई उतरत नाही. तिथे हे आठ दिवस सगळ्यात शहाणे दिसतात.

शेऱ्यात ‘एकाच बैठकीत लिहिलेलं दिसतं’ असं टाकायचं. आजोबा रागावले तर रागावोत.