पेटी खाली, पेटीखाली

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि पाकीट फोडताच मी खिशातली पेन्सिल काढली. पहिल्याच ओळीत छापलं होतं, ‘सुवर्ण महोत्सवा निमित्त माजी विद्यार्थ्यां साठी स्नेहमेळावा’. ‘महोत्सवा’ आणि ‘निमित्त’ यांच्यामध्ये एक कंस, ‘विद्यार्थ्यां’ आणि ‘साठी’ यांच्यामध्ये दुसरा. बायको म्हणाली, “अहो, निमंत्रण आहे ते, प्रूफ नाही.” तिचं बरोबर आहे. पण हा नाद मला आठवीत लागला, आपल्याच शाळेत, आणि तो लावणाऱ्या बाई कोण हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. नुसतं ‘मराठीच्या बाई’ म्हटलं की निदान दहा वर्षांतल्या मुलांना तोच एक चेहरा आठवेल.

माझं अक्षर बरं होतं म्हणून जिन्याजवळच्या फळ्यावर सूचना लिहायचं काम माझ्याकडे असायचं. एकदा मी लिहिलं, ‘उद्या सर्वांनी पटांगणा वर जमावे.’ बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“पटांगणा म्हणजे काय रे?”

“पटांगण, बाई.”

“मग पटांगण लिही. तू तर पटांगणा लिहिलंयस. तो शब्द एकटा उभा राहतो का ते दाखव मला.”

मला दाखवता येईना. पटांगण, पटांगणे असं म्हणता येतं. नुसतं ‘पटांगणा’ कुणी म्हणत नाही. पुढं काहीतरी लागणार म्हणूनच ‘पटांगण’चं ‘पटांगणा’ झालं, हे बाईंचं सांगणं. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात, हे पुस्तकात होतंच. पण ‘सामान्यरूप म्हणजे एक पाय उचललेला शब्द, दुसरा टेकायला त्याला आधार हवा’ हे पुस्तकात नव्हतं. उचललेला पाय दिसला की पुढचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय त्याला चिकटवायचं. मग तो ‘ला’ असो, ‘ने’ असो, ‘वर’ असो की ‘निमित्त’ असो. खडूनं त्यांनी त्या मोकळ्या जागेखाली एक कमान काढली. त्या तिला पूल म्हणायच्या.

वर्गात एक वात्रट होताच. तो म्हणाला, “बाई, मी पटांगणाला हाक मारतोय. हे पटांगणा!” सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, पण उत्तर सोडलं नाही. “हाक मारायची तर पुढे स्वल्पविराम दे आणि त्याच्याशी बोल. वर जमायला सांगू नकोस.”

मला खरं शिकवलं ते मात्र स्नेहसंमेलनाच्या चिठ्ठीनं. वेशभूषेचं कपाट वरच्या मजल्यावर संगीताच्या खोलीत असायचं. त्याची किल्ली बाईंनी माझ्याकडे दिली आणि सांगितलं, पेटीखाली ठेव आणि मामांसाठी चिठ्ठी लिहून ठेव. मी लिहिलं, ‘कपाटाची किल्ली पेटी खाली ठेवली आहे’. चिठ्ठी दाराला अडकवली आणि मी तालमीला पळालो. शिपाईमामांनी ती वाचली आणि किल्ली आणि पेटी दोन्ही खाली नेऊन ठेवली आहेत असं समजून ते खालच्या हॉलमध्ये शोधत बसले. पेटी वरच होती, किल्ली तिच्या बुडाशी. अर्धा तास गेला. शिवाजी महाराज बनियनवर बसून, मावळे कंटाळलेले. मुख्याध्यापक मामांवर चिडले आणि मामा माझ्यावर.

बाईंनी ती चिठ्ठी दुसऱ्या दिवशी वर्गात आणली. ओरडल्या नाहीत. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, ‘पेटी खाली ठेव’ आणि ‘पेटीखाली ठेव’. मग म्हणाल्या, पटांगण सोपं होतं, कारण त्याचं ‘पटांगणा’ झालेलं डोळ्यांना दिसतं. पेटीचं काय? पेटी, वही, गाडी, गादी, असे कितीतरी ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द एकवचनात सामान्यरूप होतानाही तसेच राहतात. पाय उचलला की नाही ते दिसतच नाही. तिथे अर्थाचा सगळा भार त्या मोकळ्या जागेवर असतो. ‘वही वर ठेव’ म्हणजे वही उचलून फळीवर ठेव. ‘वहीवर ठेव’ म्हणजे दुसरं काहीतरी तिच्यावर ठेव. ‘गाडी मागे घे’ म्हटलं की ड्रायव्हर गाडी उलटी घेतो. ‘गाडीमागे’ म्हटलं तर गाडी जागेवरच राहते. ‘खाली’, ‘वर’, ‘मागे’ हे शब्द क्रियेबद्दल सांगत असतील तर क्रियाविशेषणं, ती सुटी. नावाला धरून बसले तर शब्दयोगी, ते जोडून. शब्द तेच, काम बदलतं. त्या तासानंतर कधी कुठे अडलो की मी ‘पेटी’च्या जागी ‘टेबल’ घालून बघतो. ‘टेबल खाली ठेव’ की ‘टेबलाखाली ठेव’? ‘टेबला’ झालं तर जोडायचं. आजही हीच युक्ती वापरतो.

त्याच वर्षी आमचा आणखी एक घोळ व्हायचा. चौथ्या तासाला हिंदी, पाचव्याला मराठी. हिंदीत ‘सीता ने’ तुटक लिहायचं आणि ‘उसने’ जोडून, म्हणजे नामाला वेगळा न्याय आणि सर्वनामाला वेगळा. शिवाय ‘उसके लिए’मध्ये ‘के’ जोडलेला आणि ‘लिए’ सुटा. मराठीत ‘सीतेने’, ‘त्याने’, ‘त्याच्यासाठी’ सगळं एकसंध. घंटा झाल्यावर डोकं बदलायला पाच मिनिटं लागायची. आज पाट्यांवर ‘आपल्या साठी’, ‘त्यांच्या बरोबर’ दिसतं, तेव्हा मला तो चौथा तास आठवतो. अर्थात हल्लीचा मोठा गुन्हेगार मोबाइल आहे. ‘माझ्या’ असं सुचवलेला शब्द दाबला की कीबोर्ड स्वतःच पुढे जागा सोडतो आणि मग ‘साठी’ एकटा पडतो. लिहिणाऱ्याला नियम माहीत असला तरी बोट मागे जात नाही.

सर्वनामांत ‘पाय उचलला का’ ही परीक्षा लंगडी पडते, हे बाईंनीच दाखवलं. ‘माझ्या’ पुढच्या नामाच्या भरवशावर सुटा उभा राहतोच, ‘माझ्या घरी’. तिथे त्यांची दुसरी परीक्षा होती: मध्ये पाहुणा बसतो का? ‘माझ्या जुन्या घरी’ चालतं, म्हणजे दोन शब्द. ‘माझ्या’ आणि ‘साठी’ यांच्यामध्ये काही घालून बघा, बसत नाही, म्हणून ‘माझ्यासाठी’. ‘मुळे’ आणि ‘विषयी’चंही तसंच. पण ‘माझ्या अगदी समोर’ असं आपण म्हणतोच की. स्थळ दाखवणारे शब्द ‘च्या’नंतर जरा सैल बसतात. म्हणून ‘घरामागे’ जोडून लिहिण्याबद्दल दुमत नाही, पण ‘घराच्या मागे’ बहुतेक लोक सुटं लिहितात आणि बाईंनी ते कधी कापलं नाही. सर्वनामाला मात्र त्या ‘माझ्यासमोर’ असं जोडायलाच लावायच्या. का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, “इथे मी हट्टी आहे असं समज.” मला ते उत्तर तेव्हाही आवडलं होतं.

आणि तो ‘ही’. ‘मी ही वही घेतो’ आणि ‘मीही वही घेतो’. पहिल्यात वही दाखवतोय, दुसऱ्यात इतरांच्या पंक्तीत मी बसतोय. ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’ यांना सामान्यरूपही लागत नाही, ते मूळ शब्दालाच चिकटतात: तूच, तोसुद्धा, आम्हीदेखील. ‘सुद्धा’ सुटा दिसला की बाई विचारायच्या, “याचं घर कुठलं?”

पुढे मी मुद्रितशोधनाच्या धंद्यात पडलो. तीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांची आणि दिवाळी अंकांची प्रूफं वाचली. दोन-तीन नामवंत लेखक हस्तलिखित आधी माझ्याकडे पाठवतात, एवढं सांगण्याइतका गर्व मला आहे. पण सर्वांत मोठी फजितीही याच विषयात झाली. संगणक नवा होता. एका कादंबरीत ‘त्याच्या वर’, ‘छपरा वर’ असं शेकडो ठिकाणी तुटलेलं होतं. मी शहाणपणा केला. ‘जागा आणि वर’ शोधायला सांगितलं, त्याऐवजी नुसतं ‘वर’ घालायला सांगितलं आणि ‘सगळीकडे बदला’ दाबलं. ‘छपरावर’ झालं. पण ‘तो वर गेला’चं ‘तोवर गेला’ झालं, म्हणजे नायक जिना चढण्याऐवजी ‘तोपर्यंत’ कुठेतरी निघून गेला! ‘मीवर’सारखं वेडंवाकडं असतं तर डोळ्यांना खटकलं असतं. ‘तोवर’ हा चांगला धडधाकट मराठी शब्द, म्हणून दुसऱ्या वाचनातही निसटला. छापून आल्यावर एका वाचकाचं पत्र आलं. ते मी जपून ठेवलंय.

तेव्हापासून मी शोधतो, पण बदलतो हातानं. जागा सोडून ‘साठी’ शोधायचं, मग ‘मध्ये’, ‘मुळे’, ‘कडे’, ‘पर्यंत’, ‘ला’, ‘ने’, एकेक. प्रत्येक ठिकाणी थांबून आधीचा शब्द बघायचा. बहुतेक ठिकाणी पूल बांधावा लागतो. पण ‘मध्ये बोलू नकोस’मधला ‘मध्ये’ सुटाच राहतो. ‘हे घरी ने’मधला ‘ने’ क्रियापद आहे. ‘सह्याद्रीचे कडे’ डोंगराचे आहेत. अवतरणातलं नाव आलं तर चिन्ह बंद झाल्यावर जागा न सोडता प्रत्यय, ‘केसरी’त, ‘केसरी’ने. दोनशे पानांना एक पूर्ण दिवस जातो. प्रकाशक विचारतात, इतका वेळ कशाला? मी त्यांना पेटीची गोष्ट सांगतो.

बाई निवृत्त झाल्यावर एकदाच भेटल्या, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. नजर अधू झाली होती. मी वाचून दाखवायचं आणि कुठे जागा सोडली आहे ते त्यांनी माझ्या आवाजावरून ओळखायचं, असा खेळ आम्ही खेळलो. दोनदा चुकल्या. दोन्ही वेळा मी मुद्दाम चुकीचं वाचलं होतं, हे सांगायचा धीर झाला नाही.

यंदा माझी साठी. मुलीनं घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘बाबांच्या साठी सगळ्यांनी यायचं’. मी विचारलं, बाबांसाठी यायचं की बाबांच्या साठीला? ती म्हणाली, “दोन्ही.” तिथे मी गप्प बसलो.

संपादक मंडळाला एक विनंती. वर ‘पटांगणा वर’, ‘पेटी खाली’, ‘महोत्सवा निमित्त’ असं जिथे तुटक आलंय, ते मुद्दाम आहे. कृपया जोडू नये. आणि शेवटचं प्रूफ माझ्याकडे पाठवावं.