तुम्ही विचारलंत म्हणून: पणजीचं वय

"आधार कार्डावर 1910 साल आहे. सरकारी कागद आहे. मग एकशे चौदा वय मान्य करायला काय हरकत आहे?"

नाशकात जुन्या मोडी नोंदी वाचून देण्याचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या मनात पणजीबद्दल खरी माया असते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

कागद कोणत्या खात्याचा, यापेक्षा तो माणसाच्या कोणत्या वयात लिहिला गेला हे मी आधी बघतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेला असतो. तारीख अंदाजाची, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण पोर समोर उभं असतं, त्यामुळे चूक झाली तरी वर्ष-दोन वर्षांची होते. सत्तरीच्या बाईचं वय अंदाजाने लिहायचं तर पंधरा वर्षंही सहज इकडची तिकडे होतात. आधार निघालं तेव्हा पणजी म्हातारीच होती. घरच्यांनी सांगितलं ते लिहिलं गेलं, आणि दिवस-महिना माहीत नव्हता म्हणून 1 जानेवारी पडली.

दिंडोरी तालुक्यातल्या एका घराचं असंच होतं. त्यांच्याकडे मी आजींचा कागद मागितलाच नाही, धाकट्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. त्यावर 1966 साल. आजी 1910 च्या असतील तर हे बाळंतपण छप्पन्नाव्या वर्षी झालं असं होतं, आणि ते होत नाही. पंचेचाळिशीची मर्यादा धरली तर जन्म 1921 च्या अलीकडचा ठरतो. थोरल्या मुलाचा दाखला 1948 चा. त्या काळी पहिलं मूल अठरा-विशीत होत असे, म्हणजे जन्म 1928-30 च्या आसपास. पण आधीचं एखादं मूल गेलेलं असू शकतं, म्हणून मी 1921 ते 1930 एवढीच कक्षा धरली.

मग माहेरच्या गावचं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींचा गाव नमुना 14. यात वडिलांचं नाव, तारीख आणि पुढे नुसतं 'मुलगी' एवढंच असतं. बारसं व्हायच्या आत नोंद होई आणि नाव नंतर कोणी भरत नसे. त्या दहा वर्षांत एकाच बापाच्या तीन मुली निघाल्या. मृत्यूच्या नोंदी चाळल्यावर मधली तान्हेपणीच गेल्याचं दिसलं. आजी दोघी बहिणींतल्या धाकट्या, म्हणून तिसरी नोंद त्यांची: 1927. वय सत्त्याण्णव. मृत्यूचं पान पाहिलं नसतं तर मी मधलीच नोंद त्यांची धरली असती.

पुरुषांची अडचण वेगळी. गणपत रामचंद्र यांचा मुलगा रामचंद्र गणपत, आणि त्याच्या मुलाला आजोबांचं नाव ठेवलं की पुन्हा गणपत रामचंद्र. आडनाव तेच, गाव तेच, जन्मात पन्नासेक वर्षांचं अंतर. आजोबांची नोंद नातवाच्या नावावर चढायला कोणी लबाडी करावी लागत नाही. अशा वेळी रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांची वही कामी येते. तिच्यात वय नसतं, पण कोणाच्या अस्थी घेऊन कोण आलं होतं हे कळतं. जपानचे शिगेचियो इझुमी 1986 साली वारले तेव्हा त्यांचं वय 120 मानलं गेलं होतं. पुढे अशी शंका आली, की ती जन्मनोंद त्यांच्या आधी वारलेल्या त्याच नावाच्या थोरल्या भावाची असावी. गिनेसने पुढे तो दावा मागे घेतला.

हीच काटेकोर तपासणी नव्वदीच्या माणसासाठी कोणी करत नाही, कारण तिथे खरी माणसं भरपूर असतात. एकशे दहानंतर दरवर्षी साधारण निम्मी माणसं जातात. समजा, खरोखर 110 वर्षांचे हजार जण आहेत आणि कागदावर 110 पण प्रत्यक्षात ऐंशीच्या घरातले पन्नास. या पन्नासांतला दरवर्षी दहातला एक जातो असं धरू. सहा वर्षांनी खरे उरतील सोळाच्या आसपास आणि चुकीचे सव्वीस-सत्तावीस. सुरुवातीला वीस खऱ्यांमागे एक चूक होती. 116 ला पोचेपर्यंत चुकाच जास्त झाल्या. कोणी लबाडी केली नाही तरी हे होणारच.

फ्रान्समधल्या आर्ल शहरातल्या झान काल्मां यांचं 122 वर्षांचं वय टिकलं, ते जन्मापासून लग्न, जनगणना अशा नोंदींची साखळी तुटत नाही म्हणून. तरीही 2018 साली त्यांच्या जागी मुलगीच वावरत होती असा आक्षेप आला आणि संशोधकांना सगळे कागद पुन्हा तपासून तो खोडावा लागला.

आपल्याकडे ही साखळी नेमकी बायकांच्या बाबतीत तुटते. माहेरी नाव नाही, सासरी नाव बदललेलं, शाळा बहुतेकींच्या नशिबी नाही. आणि जगात एकशे दहा ओलांडणाऱ्यांत बायकाच कितीतरी जास्त. त्यामुळे एखादी खरी एकशे बारा वर्षांची आजी सिद्ध न होताच जात असेल, याची मला खंत वाटते.

तुमच्या पणजीसाठी यायचं असेल तर आधार राहू द्या. धाकट्यात धाकट्या मुलाचा शाळेचा दाखला, माहेरचं गाव, वडिलांचं पूर्ण नाव आणि भावंडांचा क्रम घेऊन या. वारलेली भावंडंसुद्धा त्यात धरा.