पान ७ की पान २१९?

"पेज नंबर खोटो छे, बेन." वडोदऱ्यात जन्म गेला, त्यामुळे गुजरातीतलं 'खोटो' म्हणजे नुसतं 'चुकीचं', हे ठाऊक होतं. तरी प्रबंध जमा करायच्या त्या खिडकीपाशी माझ्या मराठी कानाला ते झोंबलंच. शोधप्रबंध परत आला. कारण काय, तर संदर्भसूचीत एका लेखाची पानं २१३–२३२ आणि तळटिपांत त्याच लेखाचं पान ७, पान १४, पान १७.

खरं तर पान ७ खोटं नव्हतं. लेख अंकात छापण्याआधी ऑनलाइन आला, तेव्हा त्याची पीडीएफ १ ते १९ अशी होती आणि मी तीच वाचली. पुढे अंक निघाला, लेखाला खंड आणि छापील पानं मिळाली. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, तोच राहिला, म्हणून मला पत्ताच लागला नाही. सूची करताना डीओआयवरून नोंद घेतली, ती नव्या पानांसह आली. तळटिपा मात्र जुन्याच.

घरी येऊन मी शहाणपणा केला. पहिलं पान २१३, म्हणजे प्रत्येक आकड्यात २१२ मिळवायचे. ७ चे २१९. दहा मिनिटांत सगळं बदललं, चहा घेतला. मग सहज मोजलं: २१३ ते २३२ ही वीस पानं होतात! माझी तर एकोणीस होती.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात छापील अंक काढून दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. ऑनलाइन प्रतीत पान ११ वर दोन नकाशे एकाखाली एक होते. अंकात प्रत्येकाला पूर्ण पान दिलेलं, २२३ आणि २२४. म्हणजे १० व्या पानापर्यंत २१२ बरोबर, १२ पासून २१३. माझं १४ हे २२६ नव्हे, २२७ होतं. त्यामुळे बेरजेवर विसंबू नका. निदान पहिलं आणि शेवटचं पान जुळतंय का ते बघा, आणि अवतरणातले चार शब्द अंतिम पीडीएफमध्ये शोधून पान घ्या. मी मग तेच केलं.

अंतिम प्रत हाती लागलीच नाही, तर उलट करायचं. सूचीतही ऑनलाइन आवृत्तीच द्यायची, डीओआयसह, छापील पानं न लिहिता. मग तळटिपेतलं पान ७ चालतं. नुसतं वेबपान वाचलं असेल तर पान नसतंच. तिथे उपशीर्षक आणि त्याखालचा कितवा परिच्छेद ते लिहावं. प्रिंट काढून स्वतःच्या कागदांवरचे आकडे देऊ नयेत. माझ्या मैत्रिणीने दिले होते.

आणि हो, संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरो सॉफ्टवेअरमधली जुनी नोंद आपोआप सुधारत नाही, तिथला 'Pages' हा रकाना आपणच तपासायचा.

दुसऱ्या खेपेला खिडकीवरच्या भाईंनी शेवटची तळटीप तेवढी उघडली, २३० वाचलं आणि शिक्का मारला. नकाशांबद्दल सांगायची माझी तयारी होती. त्यांनी विचारलं नाही.