चार तुकडे, पंधरा रुपये

"सर, डोकं लावून बसलं त काहीच सुचत नाही, अन् सोडून देऊन वावरात गेलं का आपोआप सुचते. हे कसं काय होते?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न मला वर्गात विचारला जायचा आणि आता चहाच्या टपरीवर विचारला जातो. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तर तयारच असतं. आपण काम सोडलं तरी मन आतल्या आत ते करत राहतं आणि झालं की आपल्याला हाक मारतं, असं त्याला वाटतं. मला हे उत्तर फारसं पटत नाही. का पटत नाही ते एका कोड्यातून सांगतो, कारण या विषयातलं मला सगळ्यात आवडलेलं संशोधन त्याच कोड्यावर झालेलं आहे.

साखळीचे चार तुकडे आहेत. प्रत्येकात तीन कड्या, सगळ्या बंद. एक कडी उघडायला दोन रुपये पडतात, बंद करायला तीन. चारही तुकडे जोडून बारा कड्यांचा एकच गोल करायचा आहे आणि खिशात आहेत पंधरा रुपये. मूळ कोड्यात गळ्यातली साखळी आणि सेंट होते, मी रुपये केले.

हे कोडं मी आमच्या गावातल्या वेल्डिंगवाल्या भाऊंना घातलं. डवऱ्याच्या पासा, ट्रॉलीचे फाळके, गोठ्याचं फाटक, सगळं जोडकाम तेच करतात. मी एकच अट घातली की जे मनात येईल ते मोठ्यानं बोलत जायचं. खर्रा घोटत त्यांनी सुरुवात केली. "पहिल्याची शेवटची कडी खोलतो, दुसऱ्यात अटकवतो, बंद करतो. झाले पाच. मंग दुसऱ्याची, मंग तिसऱ्याची, अन् चौथ्याची खोलून पहिल्यात. चार जोड, वीस रुपये." मग मधली कडी उघडून पाहिली. वीस. मग दोन-दोन तुकडे आधी जोडून पाहिले. पुन्हा वीस. "चार तुकडे हायेत त जोड चारच लागन ना सर. पंधरात होतच नाही हे."

दुसऱ्या दिवशी ते पऱ्हाटीच्या डवरणीला गेले आणि संध्याकाळी टपरीवर परत आले. आता नीट ऐका, कारण सगळी गंमत इथे आहे. ते उत्तर घेऊन आले नव्हते. मी पुन्हा मोठ्यानं बोलायला लावलं, तर सुरुवात तीच झाली, पहिल्याची शेवटची कडी खोलतो. पण तिथे ते थांबले. "पण मी टोकच काहून खोलून राह्यलो? ह्या अख्ख्या तुकड्याच्याच कड्या सुट्या केल्या तं?" एक तुकडा पूर्ण मोडायचा. तीन कड्या उघडल्या, सहा रुपये. आता उरले तीन तुकडे, गोलात त्यांच्यामध्ये तीनच फटी, आणि हातात तीनच सुट्या कड्या. त्या बसवून बंद केल्या, नऊ रुपये. सहा आणि नऊ पंधरा.

एका माणसाच्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही. पण १९७१ साली सिल्व्हेरा या संशोधक बाईंनी हेच कोडं पद्धतशीर वापरलं. प्रत्येकाला सोडवायला एकूण अर्धाच तास दिला. काहींनी तो सलग वापरला, त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना उत्तर आलं. काहींना मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी दिली, त्यांच्यात ६४ टक्के झाले. ज्यांना चार तासांची सुट्टी मिळाली त्यांच्यात ८५ टक्के. आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. लांब सुट्टीचा फायदा मोठा आहे, पण निम्म्याहून जास्त लोकांना जागेवरून न उठताही जमलं होतं.

त्या बाईंनीही लोकांना मोठ्यानं बोलायला लावलं होतं. सुट्टीनंतर कुणी तयार उत्तर घेऊन परतलं नाही. जिथे सोडलं होतं तिथूनच, जुन्याच पद्धतीनं लोक पुन्हा सुरू झाले आणि मग वाट बदलली. मन चार तास आतल्या आत हिशेब करत असतं, तर निदान काहींनी तरी आल्या आल्या उत्तर सांगायला हवं होतं.

मग त्या वेळात होतं काय? भाऊंचं अडणं कुठलं होतं ते पाहा. त्यांना आकडेमोड कमी पडली नव्हती. जोडायचं म्हणजे टोकाला टोक, हे त्यांनी कुणी न सांगता धरून घेतलं होतं. तुकडा म्हणजे न मोडायची वस्तू, हेही. गोल बनवायचा असताना आधी आहे तेच मोडायचं, हे उलट्या दिशेनं चालल्यासारखं वाटतं. रोज जोडकाम करणाऱ्या माणसाच्या हातात तर ही समजूत जास्तच घट्ट बसलेली असते. प्रत्येक नवा प्रयत्न ती आणखी घट्ट करतो, कारण नुकताच केलेला विचारच पहिल्यांदा आठवतो. पावसाळ्यात पांदणीत बंडीचं चाक जुन्याच चाकोरीत जातं, तसं. उठून गेल्यावर ही चाकोरी बुजायला लागते. सुट्टी काही नवीन देत नाही, आड येणारं थोडं पुसते.

हे पुसणं दाखवणारा प्रयोग १९८९ साली स्मिथ आणि ब्लँकनशिप यांनी केला. अक्षरांच्या मांडणीवरून वाक्प्रचार ओळखायची कोडी होती, आणि सोबत मुद्दाम चुकीच्या दिशेला नेणारे इशारे. मध्ये वेळ गेल्यावर लोकांना न सुटलेली कोडी जास्त सुटली. त्याच वेळी ते चुकीचे इशारेही त्यांना कमी आठवू लागले होते. विसरणं आणि सुचणं अशी जोडीनं चालली होती.

वावरात गेल्यावर आणखी एक गोष्ट घडू शकते, आणि ती आपल्याला कळतसुद्धा नाही. मायर नावाच्या संशोधकाचा १९३१ चा प्रयोग आहे. छताला दोन दोऱ्या टांगलेल्या, दोघींची टोकं बांधायची, पण एक धरली की दुसरीपर्यंत हात पोचत नाही. खोलीत पक्कड वगैरे सामान पडलेलं. एका दोरीला पक्कड बांधून तिला झोका द्यायचा, दुसरी हातात धरून उभं राहायचं आणि झोका जवळ आला की पकडायचा, हे उत्तर. अडलेल्या लोकांसमोरून मायर सहज गेल्यासारखा जायचा आणि दोरीला धक्का देऊन ती हलवायचा. अनेकांना त्यानंतर लगेच सुचलं. तुम्हाला कशावरून सुचलं, असं विचारल्यावर मात्र बहुतेकांनी हलत्या दोरीचं नावही घेतलं नाही. त्यांच्या मते ते आपोआप सुचलं होतं. धुऱ्यावर चालताना आपल्या डोळ्यांसमोरून काय काय हलत जातं, त्याचा हिशेब कोण ठेवतो? म्हणून कुणी "आपोआप" म्हटलं की मी त्या शब्दावर फार भार टाकत नाही.

मन आत काम करतं या समजुतीचे वकील मोठे आहेत, हेही सांगायला हवं. फ्रेंच गणिती प्वाँकारे यांनी १९०८ साली पॅरिसमध्ये व्याख्यान दिलं. कूतांस गावी घोड्यांच्या बसमध्ये चढताना पायरीवर पाय ठेवला आणि गणितातलं उत्तर चमकलं, अशी हकिकत त्यांनी त्यात सांगितली. ते स्वतः नकळत चालणाऱ्या कामावर विश्वास ठेवणारे होते. १९२६ साली ग्रॅहम वॉलस यांनी अशा हकिकतींवरून तयारी, मुरणं, चमकणं आणि पडताळणी असे चार टप्पे मांडले, आणि पुस्तकांत अजून तेच शिकवतात. पण या हकिकती घडून गेल्यावर आठवून सांगितलेल्या आहेत. वाद मिटलेला नाही. सिओ आणि ऑर्मरॉड यांनी २००९ साली ११७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सुट्टीचा फायदा एकंदरीत खरा निघाला. शब्दांच्या कोड्यांत नुसतं बसून राहण्यापेक्षा हलकं काम करणाऱ्यांना तो जास्त झाला. नुसत्या विसरण्यानं याचा पूर्ण उलगडा होत नाही, हे मी मान्य करतो.

त्याच तपासणीतली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते. उठण्याआधी जितका वेळ खरोखर झटलेलं असतं, तितका सुट्टीचा उपयोग वाढतो. आमची पोरं पेपरातलं गणित वाचतात, दोन मिनिटांत पेन ठेवतात आणि "सर, मुरू देतो" म्हणून मोबाईल काढतात. मुरायला आत काही पडलेलं तर पाहिजे! उठायची वेळ झाली हे ओळखायची माझी खूण साधी आहे: वेगळ्या शब्दांत तोच हिशेब पुन्हा यायला लागला, की उठावं. त्याच्या आधी उठलं तर चाकोरीच पडलेली नसते. उठून निंदण करावं, शेंगा फोडाव्यात, गुरं पाण्यावर न्यावीत. डोक्याला पूर्ण गुंतवणारं काम त्या वेळात नको.

आणि प्रत्येक अडचण या जातीची नसते. सोसायटीच्या कर्जाचं व्याज काढायचं असेल तर पायरीपायरीनंच जावं लागतं. उठून गेलात तर फक्त उशीर होतो. मोटरीचा कॅपॅसिटर जळला आहे आणि कॅपॅसिटर काय असतो हेच माहीत नाही, तर वावरातून कितीही चकरा मारा, ते ज्ञान येणार कुठून? उठून जाण्याचा उपयोग तिथे होतो, जिथे लागेल ते सगळं आपल्याकडे असतं पण मांडणी चुकीची धरलेली असते.

चमकलेलं उत्तर खरंच असेल असंही नाही. पंधराचं उत्तर आल्यावर दोनच दिवसांनी भाऊ मोठ्या आनंदानं म्हणाले, "सर, दहातच होते!" तुकड्याच्या दोनच कड्या काढायच्या, चार रुपये, बसवायच्या, सहा रुपये. मी त्यांना दुकानातली साखळी घेऊन करून दाखवायला सांगितलं. तीन तुकडे एका रांगेत जोडले गेले, पण टोकं उघडीच राहिली आणि एक कडी हातात उरली. चेहऱ्यावरची खात्री मात्र पंधराच्या वेळेइतकीच होती.

मग मी पाच तुकडे घेतले, तसेच तीन-तीन कड्यांचे. भाऊंनी क्षणभर न थांबता एक तुकडा मोडला. उरलेल्या चार तुकड्यांत फटी चार, सुट्या कड्या तीन. म्हणून दुसराही अख्खा मोडला. सहा कड्या उघडल्या, सहा बंद केल्या, तीस रुपये. टोकाला टोक जोडलं असतं तर पंचवीसच लागले असते. पाच तुकड्यांचा गोल वीस रुपयांत होतो. कसा, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.