गोळीचा वेग काढायला गेलो आणि ती निघाली ताशी 30 किलोमीटर

प्रोजेक्टचा विषय मीच मागून घेतला होता, बॅलिस्टिक पेंड्युलम. आमच्या लॅबमध्ये त्याचं एक पितळी यंत्र आहे, स्प्रिंगच्या गनमधून स्टीलची गोळी सुटते आणि लोलकाच्या कपात जाऊन बसते, पण लोलक वर अडकवून धरणारी दातेरी पट्टी झिजून गुळगुळीत झालीये, लोलक वर जातो आणि सरळ परत खाली येतो. म्हंटलं खरी एअर रायफलच घेऊ. माझी मामेबहीण कोल्हापुरात 10 मीटर एअर रायफल खेळते, तिच्या सरांची परवानगी काढली, गॉगल घालायचा आणि रायफलला हात फक्त ताई लावणार या दोन अटींवर आम्हाला रेंजचा कोपरा मिळाला.

आयडिया एकदम साधी वाटते. गोळी इतक्या जोरात जाते की घड्याळाने मोजता येत नाही, म्हणून ती टांगलेल्या जड ठोकळ्यात घुसवायची, ठोकळा सावकाश झुलतो, तो किती झुलला ते पट्टीने मोजायचं आणि उलटं गणित करत गोळीपर्यंत जायचं. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रजाने 1742 साली हेच करून बंदुकीच्या गोळीचा वेग काढला. माझं काम त्याच्यापेक्षा सोपं असणार असं मी धरून चाललो होतो.

पहिला ठोकळा लाकडाचा, सुताराकडून आणलेला, मधोमध एक हुक आणि एकच दोरी. ताईने मारलं आणि ठोकळा झुलायच्या ऐवजी भोवऱ्यासारखा फिरायला लागला, कारण गोळी मध्यापासून जरा बाजूला लागली. त्यात मॅचचे पेलेट, म्हणजे रायफलच्या शिशाच्या गोळ्या, पुढून चपटे असतात, ते टणक लाकडात घुसतच नाहीत, चेपतात आणि उलटे येऊन खाली पडतात. गोळी उसळून मागे आली की ठोकळ्याला जास्त धक्का बसतो, म्हणजे गणितात वेग फुगून येणार. ते सगळं तिथंच सोडून दिलं.

दुसऱ्या वेळी दोन इंची पीव्हीसी पाइपचा सहा सेंटीमीटरचा तुकडा कापला, मागून प्लायवूडची चकती चिकटवली आणि आत लहान मुलांची खेळायची क्ले दाबून भरली. हा नळकांडा चार दोऱ्यांनी टांगला, पुढे दोन, मागे दोन, समोरून बघितलं तर एकामागे एक दोन व्ही दिसतील असा. चार दोऱ्यांमुळे तो फिरत नाही आणि डोकंही वर करत नाही, झोपाळ्याच्या फळीसारखा आडवा राहूनच पुढे-मागे जातो. दोऱ्यांची उभी लांबी 1 मीटर ठेवली. नळकांड्याचं वजन 250 ग्रॅम भरलं. एका पेलेटचं वजन घरच्या काट्यावर येईना, मग ओळखीच्या सराफाकडे जाऊन 100 पेलेट एकदम तोलले, 53 ग्रॅम, म्हणजे एक 0.53 ग्रॅम. सराफाने विचारलं, "चांदी आहे का?" म्हंटलं नाही काका, शिसं.

ताई अर्ध्या मीटरवर बसली आणि मारलं. नळकांडा छान सरळ मागे गेला. मी बाजूला उभी पट्टी लावली होती, मोबाइलवर स्लो मोशन शूट केलं, ठोकळा साधारण साडेसात मिलिमीटर वर गेला असं दिसलं. घरी येऊन गणित मांडलं. गोळीची गतिज ऊर्जा सगळी ठोकळ्याच्या उंचीत गेली असणार, बरोबर ना? ऊर्जा अक्षय्य असते हे शाळेपासून पाठ. m म्हणजे गोळीचं वस्तुमान, M नळकांड्याचं, v गोळीचा वेग आणि h ठोकळा वर गेला ती उंची.

```
(1/2) m v² = (M + m) g h
```

उत्तर आलं 8.3 मीटर प्रति सेकंद. ताशी 30 किलोमीटर. मी दशांश चिन्ह तपासलं, ग्रॅमचे किलो तपासले, तीनदा परत केलं, तेच. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "अरे माझी स्कूटी जाते की याच्यापेक्षा जोरात, तू काय माझी गोळी मोजलीस का सायकल?"

आता इथंच हा प्रयोग खरा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. गोळी क्लेमध्ये घुसते तेव्हा ती क्ले फाडत, चेपत, गरम करत जाते आणि ऊर्जेचा जवळजवळ सगळा भाग तिथेच संपतो. ती ऊर्जा कुठे नाहीशी होत नाही, पण ठोकळ्याच्या झुलण्यात ती येत नाही, त्यामुळे धडकेच्या क्षणी माझं समीकरण चालतच नाही. धडकेत जे टिकतं ते मोमेंटम, आपला शाळेतला संवेग. कारण गोळी आणि क्ले एकमेकांवर कितीही जोर लावोत, ते जोर समान आणि उलटे, दोघांचा मिळून एकूण संवेग तेवढाच राहतो, फक्त बाहेरून कोणी आडवं ओढायला नको.

आणि बाहेरून कोणी ओढत नाही हे मी आकड्यात काढून बघितलं, त्याशिवाय पटेना. गोळी क्लेमध्ये साधारण तीन सेंटीमीटर जाऊन थांबते. तेवढं अंतर जायला तिला एका सेकंदाच्या तीन हजाराव्या भागाइतका वेळ लागतो. तेवढ्यात ठोकळा सरकतो किती, तर एका केसाच्या जाडीइतका. म्हणजे धडक संपते तेव्हा दोऱ्या अजून उभ्याच असतात आणि उभी दोरी आडवं ओढूच शकत नाही. झुलणं सुरू होतं ते नंतर, आणि त्या झुलण्यात चित्र उलटं होतं: दोऱ्या तिरक्या होतात, ठोकळ्याला मागे ओढतात, त्यामुळे संवेग टिकत नाही, पण फाटणं-चेपणं काही नसल्यामुळे आता ऊर्जा टिकते. दोन टप्पे, दोन वेगळे नियम, आणि मधला दुवा म्हणजे धडकेनंतरचा ठोकळ्याचा वेग V.

```
m v = (M + m) V
(1/2)(M + m) V² = (M + m) g h
v = ((M + m)/m) √(2 g h)
```

तोच साडेसात मिलिमीटर घालून बघितला. V आला 0.38 मीटर प्रति सेकंद, मुंगीपेक्षा बरा इतकाच. त्याला 250.53 भागिले 0.53, म्हणजे सुमारे 473 ने गुणलं की गोळीचा वेग 181 मीटर प्रति सेकंद. आता हे गोळीसारखं वाटतंय. मग गंमत म्हणून ऊर्जा मोजली, गोळीकडे 8.7 ज्यूल होते आणि झुलायला लागलेल्या ठोकळ्याकडे फक्त 0.018 ज्यूल. पाचशे भागांतला जेमतेम एक भाग उरला, बाकी सगळी क्लेमध्ये गेली. मी पहिल्या गणितात हे पाचशेतले चारशे नव्याण्णव भाग नव्हतेच असं धरलं होतं, म्हणून स्कूटी.

वाटलं संपलं, पण 181 बद्दल ताईला शंका. तिची रायफल 175 च्या आसपास मारते असं तिचं म्हणणं. मग मी माझ्या मोजण्याकडे वळलो, आणि साडेसात मिलिमीटर हा आकडा मी मोबाइलच्या स्क्रीनवर डोळे बारीक करून वाचला होता हे आठवलं. त्यात एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर उत्तर 169 ते 193 मध्ये कुठेही जातं. म्हणून उंची मोजायचीच नाही असं ठरवलं. एक मीटर दोरीवर ठोकळा सात मिलिमीटर वर जातो तेव्हा तो आडवा बारा सेंटीमीटरच्या आसपास सरकलेला असतो, आणि बारा सेंटीमीटरमध्ये एक मिलिमीटर चुकलं तर एक टक्कासुद्धा फरक पडत नाही. झोका लहान असेल तर गणितही सोपं होतं, V म्हणजे आडवं अंतर x गुणिले √(g/L), L म्हणजे दोरीची लांबी. रॉबिन्सनेही उंची मोजली नव्हती, लोलकाच्या खाली एक फीत लावली होती, लोलक मागे जाताना ती ओढली जायची आणि किती ओढली गेली ते तो मोजायचा. हे मला आधी माहीत असतं तर मोबाइलची बॅटरी तरी वाचली असती.

मी फितीऐवजी मोजपट्टीवर कागदाची छोटी घडी करून घोड्यासारखी बसवली, नळकांडा मागे जाताना तिला ढकलतो आणि ती शेवटच्या जागी राहते. अर्ध्या मीटरवरून आकडा आला 12.4 सेंटीमीटर, म्हणजे 184. अजून जास्तच! मग सर म्हणाले, "एवढ्या जवळून मारताय, नळीतून हवा पण येते की मागनं." खरंच, एअर रायफलच्या नळीतून गोळीमागून दाबाची हवा सुटते आणि अडीचशे ग्रॅमच्या हलक्या ठोकळ्याला तीही ढकलते. ताईला तीन मीटरवर नेलं, मध्ये रुपयाएवढं भोक पाडलेला पुठ्ठा उभा केला, गोळी भोकातून जाईल आणि हवा अडेल. दोन इंचाचं टार्गेट तीन मीटरवर म्हणजे तिला चेष्टाच, त्यांचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. झोका उतरून 11.3 वर आला, 167.

आता कमी. इथं माझी मीच चूक पकडली, त्याचा जरा अभिमान आहे. कागदाची घडी पूर्ण अकरा सेंटीमीटर ढकलत न्यायची म्हणजे घर्षण ठोकळ्याची ऊर्जा खातंय, आणि ठोकळ्याकडे आहेच केवढीशी. म्हणून पुढच्या शॉटला घडी आधीच 11 वर नेऊन ठेवली, ठोकळ्याने तिला फक्त शेवटचा अर्धा सेंटीमीटर ढकलावं. पाच शॉट मारले, सरासरी 11.5.

```
V = 0.115 × √(9.81/1.00) = 0.360 m/s
v = 0.360 × 473 ≈ 170 m/s
```

दर शॉटला क्लेमध्ये अर्धा ग्रॅम वाढतो, पण पाच शॉटमध्ये तो एक टक्काच, आणि मी दर वेळी नवं M धरलं.

शेवटी सरांनी कपाटातून क्रोनोग्राफ काढला, दोन सेन्सरमधून गोळी जायला लागलेला वेळ मोजून वेग दाखवणारा डबा. नळीच्या तोंडाशी लावला, 174. चारचा फरक. यातला काही तीन मीटर हवेत गेला असणार, चपट्या तोंडाचा पेलेट हवेत लवकर मंदावतो, आणि उरलेला त्या शेवटच्या अर्ध्या सेंटीमीटरच्या घर्षणात. कुठे किती हे वेगळं काढायचं तर ताईला एक मीटर, पाच मीटर, आठ मीटर असं लांब-लांब नेत मारायला लावायचं आणि वेग कसा उतरतो ते बघायचं. रॉबिन्सने अंतर बदलून हवेचा अडथळा असाच काढला होता. ताई म्हणाली पुढच्या रविवारी, पण पेलेटचा डबा तू आणायचास.

क्ले उकरून पाचही पेलेट काढले. चार एकमेकांना चिकटून एका गठ्ठ्यात निघाले, पाचवा करंगळीच्या नखाएवढा बाजूला. ताईने तो हातात धरून म्हंटलं, "हा नऊचा."